‘लेट अस’ला ‘शॅल वी’ कधी आणि ‘विल यू’ कधी?

*मॅडम, मी एमपीएससीच्या गट क परीक्षेची आणि सरळसेवेची तयारी करतो. क्वेश्चन टॅगचा नियम पाठ आहे: वाक्य होकारार्थी तर टॅग नकारार्थी, वाक्य नकारार्थी तर टॅग होकारार्थी. तरी सराव पेपरमध्ये यावरचे प्रश्न चुकतात. ‘लेट अस’ला पुस्तकात शॅल वी दिलंय, सराव पेपरच्या उत्तरात विल यू. ‘ओपन द डोअर’ला क्लासच्या नोट्समध्ये वोन्ट यू आणि उत्तरतालिकेत विल यू. ‘आय अ‍ॅम’ला आरन्ट आय का येतं, हे तर कुणीच सांगत नाही. पेपरात नेमकं कोणतं उत्तर द्यायचं?*
*— एक परीक्षार्थी, परभणी*

तुम्ही पाठ केलेला नियम बरोबर आहे, फक्त तो विधानांचा नियम आहे. तो सगळ्या वाक्यांना लावायला गेलात की ‘ओपन द डोअर’ आणि ‘लेट अस’ दोन्ही चुकतात. म्हणून प्रश्न वाचल्यावर वाक्यात ‘नॉट’ आहे का हे शोधायच्या आधी एक गोष्ट ठरवा: बोलणारा काही सांगतोय, की समोरच्याकडून काही करून घेतोय? सांगत असेल तर तुमचा नियम लागू. करून घेत असेल तर होकार-नकाराची उलटापालट विसरून जायची.

असं का, ते समजून घ्या, म्हणजे वेगळं पाठ करावं लागणार नाही. ‘ही इज अ टीचर, इजन्ट ही?’ या वाक्यात बोलणाऱ्याने एक गोष्ट खरी म्हणून मांडली आणि मग तिची उलट बाजू ऐकणाऱ्यापुढे ठेवून खात्री करून घेतली. जे मांडलंय ते खरं किंवा खोटं असू शकतं, म्हणून त्याला उलट बाजू आहे. ‘ओपन द डोअर’ हे खरंही नाही आणि खोटंही नाही. तिथे उलटवायला काही नाहीच. तिथला टॅग विचारतो की तू हे करायला तयार आहेस का, करशील का. करणारा नेहमी ‘यू’, जरी तो वाक्यात दिसत नसला तरी. आणि तयारी विचारणारं क्रियापद ‘विल’. म्हणून ‘ओपन द डोअर, विल यू?’

हेच कारण नकारार्थी आज्ञेलाही लागतं. ‘डोन्ट मेक अ नॉइज, विल यू?’ यात बोलणारा समोरच्याचं सहकार्य मागतोय, त्यामुळे टॅग तोच राहतो. इथे गंमत अशी होते की उलटापालटीचा नियम लावणाऱ्याचंही उत्तर बरोबर येतं, कारण ‘डोन्ट’ नकारार्थी आणि ‘विल यू’ होकारार्थी. मग त्याला वाटतं की नियम आज्ञेलाही चालतो, आणि पुढच्या ‘ओपन द डोअर’ला तो डोळे मिटून ‘वोन्ट यू’ लावतो. अनेक नोट्समध्ये ‘होकारार्थी आज्ञेला वोन्ट यू’ असं सरसकट लिहिलेलं असतं, त्याचं मूळ मला यातच दिसतं.

आता ‘वोन्ट यू’ इंग्रजीत चुकीचं आहे का? अजिबात नाही. ‘हॅव सम टी, वोन्ट यू?’, ‘डू सिट डाउन, वोन्ट यू?’ असं पाहुण्याला म्हणतात. आग्रहाचा, आमंत्रणाचा सूर असेल तिथे ‘वोन्ट यू’ शोभतं. ‘प्लीज’ लावून विनंती असेल, साधी सूचना असेल, हुकूम असेल तिथे ‘विल यू’. ‘वुड यू’ थोडं जास्त नम्र आणि ‘कान्ट यू’ वैतागलेलं: ‘स्टॉप शाउटिंग, कान्ट यू?’ हे सगळे टॅग खऱ्या इंग्रजीत आहेत. पेपरातल्या चार पर्यायांत यांपैकी एकच दिला असेल तर शंकेचं कारण नाही, तोच निवडायचा.

अडचण येते ती ‘विल यू’ आणि ‘वोन्ट यू’ दोन्ही पर्यायांत असतात तेव्हा. वाक्य नकारार्थी असेल तर ‘वोन्ट यू’ लगेच बाद करा, ‘डोन्ट’च्या आज्ञेला ते लागतच नाही. वाक्य चहा घ्या, बसा, आत या अशा धर्तीचं असेल तर ‘वोन्ट यू’ घ्या. बाकी कुठेही ‘विल यू’ घ्या. ‘विल यू’ होकारार्थी आणि नकारार्थी दोन्ही आज्ञांना चालतं आणि व्याकरणाच्या दृष्टीने ते कुठल्याच आज्ञेला चूक ठरत नाही, म्हणून दोघांत भरवशाचं ते आहे. एमपीएससीच्या वस्तुनिष्ठ पेपरांत चुकीच्या उत्तरामागे त्या प्रश्नाचे पाव गुण वजा होतात. अशा वेळी चूक न ठरणाऱ्या पर्यायाकडे झुकणं शहाणपणाचं.

आज्ञार्थी प्रश्नात आणखी एक पर्याय हमखास ठेवलेला असतो, ‘डोन्ट यू’. ‘ओपन’ हे मूळ रूपातलं क्रियापद बघून विद्यार्थी त्याला साधा वर्तमानकाळ समजतो आणि ‘डू’कडे जातो. दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. ‘यू ओपन द शॉप अ‍ॅट नाइन, डोन्ट यू?’ यात तुम्ही रोज नऊला दुकान उघडता ही माहिती आहे. ते विधान आहे, म्हणून उलटापालट झाली. ‘ओपन द शॉप अ‍ॅट नाइन, विल यू?’ यात उद्या नऊला उघड असं सांगणं आहे. दोन्हींत क्रियापद एकच आणि वेळही एकच. फरक कर्त्यात आहे. कर्ता लिहिलेला असेल आणि रोजची गोष्ट सांगितली असेल तर विधान, वाक्य थेट क्रियापदाने सुरू झालं असेल तर आज्ञा.

‘लेट अस’ दोन आहेत

तुमचं पुस्तक आणि सराव पेपर दोन्ही बरोबर असू शकतात, कारण ‘लेट अस’ दोन वेगळ्या अर्थांनी येतं. एकात बोलणारा आणि ऐकणारा मिळून काहीतरी करणार आहेत: चला, आपण सुरू करू. दुसऱ्यात ऐकणाऱ्याने आम्हाला परवानगी द्यायची किंवा काहीतरी करू द्यायचं आहे: आम्हाला जाऊ द्या. पहिल्यात ‘अस’ म्हणजे आपण, दुसऱ्यात आम्ही. हा भेद मराठीत रोज करणाऱ्याला इथे खरं तर अडायला नको. ‘आपण’ असेल तर ‘शॅल वी’, ‘आम्ही’ असेल तर ‘विल यू’, कारण दुसऱ्या अर्थात ‘लेट’ ही समोरच्याला केलेली साधी आज्ञा किंवा विनंती आहे आणि तिला आज्ञेचाच टॅग लागतो.

अर्थ पटकन लक्षात येत नसेल तर आकसून बघा. ‘लेट अस’च्या जागी ‘लेट्स’ ठेवून वाक्य चालतं का? ‘लेट अस स्टार्ट द मीटिंग’चं ‘लेट्स स्टार्ट द मीटिंग’ होतं, म्हणून ‘शॅल वी’. ‘प्लीज लेट अस नो युअर अ‍ॅड्रेस’ हे वाक्य घ्या. ‘लेट्स नो युअर अ‍ॅड्रेस’ असं कुणी म्हणत नाही. पत्ता कळवायचाय तो समोरच्याने. म्हणून ‘प्लीज लेट अस नो युअर अ‍ॅड्रेस, विल यू?’ हे ‘लेट अस नो’ फार फसवं आहे, कारण घाईत ‘लेट अस’ दिसलं की हात थेट ‘शॅल वी’वर जातो. प्रश्न बनवणाऱ्यालाही ते माहीत असतं.

दुसरी खूण वाक्याच्या कडेला असते. ‘लेट अस गो होम, सर’ यात ‘सर’ आहे. विद्यार्थी सरांना घरी सोबत चला असं म्हणत नाहीयेत, सोडा म्हणतायत. ‘विल यू’. सुरुवातीला ‘प्लीज’ असेल तरीही बहुतेक वेळा परवानगीचाच अर्थ निघतो. आणि पेपरात ‘लेट्स’ असंच छापलं असेल तर शंका उरत नाही, ते कायम ‘शॅल वी’. ‘लेट हिम’, ‘लेट हर’, ‘लेट देम’ यांत ‘आपण’ असूच शकत नाही, म्हणून तिथे ‘विल यू’: ‘लेट देम प्ले फॉर अ व्हाइल, विल यू?’ ‘लेट मी’ बहुतेकदा परवानगी मागणारं असतं आणि त्याला ‘विल यू’ लागतं. ‘लेट मी कॅरी युअर बॅग’सारखं मदतीचं बोलणं असेल तर बोलीत ‘शॅल आय’ येतं. पर्यायांत जे असेल त्यावरून ठरवा.

नकारार्थी ‘लेट अस’ बघू, कारण टॅग बदलतो की काय अशी शंका इथे येते. प्रश्न असा समजा: ‘लेट अस नॉट वेस्ट टाइम ऑन धिस, ____?’ पर्याय: १) विल वी २) शॅल वी ३) शान्ट वी ४) डू वी. आधी सांगणं की करून घेणं? करून घेणं, म्हणून ‘डू वी’ गेलं, ते साध्या वर्तमानकाळातल्या नकारार्थी विधानाचं आहे. ‘आपण’ की ‘आम्ही’? ‘लेट्स नॉट वेस्ट टाइम’ छान चालतं, म्हणजे आपण, म्हणजे ‘शॅल वी’चं घर. आता ‘शान्ट वी’ का ठेवलंय? वरच्या होकारार्थी ‘लेट अस’ला ते बसेल असं वाटणाऱ्यांसाठी, आणि काही जण इथेही गडबडीत तेच घेतात. ‘लेट अस’चा टॅग होकारात आणि नकारात सारखाच राहतो. उत्तर २.

‘आय अ‍ॅम’चा घोळ

‘आय अ‍ॅम’चं नकारार्थी संक्षिप्त रूप प्रमाण इंग्रजीत शिल्लक राहिलेलं नाही, हे यामागचं कारण. ‘इज नॉट’चं ‘इजन्ट’ होतं, ‘आर नॉट’चं ‘आरन्ट’. ‘अ‍ॅम नॉट’चं ‘अ‍ॅमन्ट’ व्हायला हवं होतं, आणि आयर्लंड व स्कॉटलंडच्या बोलीत ते अजून ऐकू येतंही. पण इंग्लंडच्या बोलीत ‘अ‍ॅमन्ट’मधला म गळून त्याचा उच्चार ‘आन्ट’सारखा झाला. दक्षिण इंग्लंडमध्ये ‘आरन्ट’मधला र उच्चारत नाहीत, त्यामुळे तोही ‘आन्ट’सारखाच ऐकू येतो. दोन्ही एकसारखे ऐकू येऊ लागले आणि लिहिताना ‘आरन्ट’ हेच स्पेलिंग रूढ झालं. म्हणून ‘आय अ‍ॅम लेट, आरन्ट आय?’ हे ‘आर’चं रूप दिसत असलं तरी चूक नाही, आणि ‘आय’ला ‘आर’ कसं लागेल या शंकेने तो पर्याय सोडून देऊ नका.

‘अ‍ॅमन्ट आय’ हा पर्याय दिलेला असतोच, कारण नियमाने तोच यायला हवा असं वाटतं. पेपरासाठी तो चूक समजा. ‘एन्ट आय’ही चूक. ‘अ‍ॅम आय नॉट’ मात्र बरोबर आहे. ते औपचारिक, थोडं पुस्तकी रूप आहे. पर्यायांत ‘आरन्ट आय’ नसेल आणि ‘अ‍ॅम आय नॉट’ असेल तर निश्चिंतपणे तेच घ्या. दोन्ही असतील तर ‘आरन्ट आय’ घ्या, कारण टॅग संक्षिप्त रूपात लिहायचा ही प्रश्नपत्रिकांची रीत आहे.

या निमित्ताने ‘नॉट’ची जागाही बघून ठेवा. संक्षिप्त रूपात ‘नॉट’ क्रियापदाला चिकटतं: ‘इजन्ट ही’. पूर्ण रूपात ते कर्त्याच्या मागे जातं: ‘इज ही नॉट’. ‘इज नॉट ही’, ‘डज नॉट शी’, ‘अ‍ॅम नॉट आय’ असा पर्याय दिसला की आजच्या प्रमाण इंग्रजीत तो बसत नाही, काट मारा.

वाक्य नकारार्थी असेल तर काहीच गुंता नाही: ‘आय अ‍ॅम नॉट लेट, अ‍ॅम आय?’ इथे काही जण ‘आय अ‍ॅम म्हणजे आरन्ट आय’ असं जोडीने पाठ केलेलं असल्यामुळे ‘आरन्ट आय’ लिहून बसतात. पाठ केलेल्या जोड्यांचं नुकसान ते हेच.

खरा कस लागतो तो ‘आय अ‍ॅम’ने सुरू होणाऱ्या लांब वाक्यात. ‘आय अ‍ॅम शुअर यू हॅव मेट हिम, ____?’ इथे ‘आरन्ट आय’ असा पर्याय असतो आणि ‘हॅवन्ट यू’ असाही. बोलणाऱ्याला स्वतःच्या खात्रीबद्दल विचारायचं नाहीये, तू त्याला भेटला आहेस ना, हे विचारायचंय. माझी खात्री आहे की नाही हे दुसऱ्याला विचारण्यात अर्थच नाही. म्हणून टॅग आतल्या वाक्याला लागतो: ‘हॅवन्ट यू’. ‘आय थिंक’, ‘आय सपोज’, ‘आय बिलीव्ह’, ‘आय अ‍ॅम अफ्रेड’ यांनाही हेच. ‘आय थिंक इट विल रेन, वोन्ट इट?’

यात एक वळण आहे. ‘आय डोन्ट थिंक इट विल रेन, ____?’ आतलं वाक्य ‘इट विल रेन’ होकारार्थी दिसतं, म्हणून ‘वोन्ट इट’ घ्यावंसं वाटतं. पण बोलणाऱ्याचं म्हणणं पाऊस येणार नाही असं आहे. नकार ‘थिंक’वर ठेवला असला तरी तो पावसाचाच आहे. म्हणून ‘विल इट’. हे सगळं ‘आय’ असेल तरच. ‘सुनीता थिंक्स इट विल रेन’ असेल तर सुनीताला काय वाटतं हीच बातमी आहे, तिथे ‘डजन्ट शी’.

नकार कुठे लपतो

आता विधानांकडे येऊ. इथे तुमचा नियम पूर्ण लागतो, पण वाक्य नकारार्थी आहे की नाही हे ‘नॉट’ दिसण्यावरून ठरत नाही. तुमचे चुकलेले पेपर काढून बघा. माझा अंदाज आहे की ‘नेव्हर’चे प्रश्न तुमचे बरोबर आले असतील आणि ‘सेल्डम’, ‘हार्डली’, ‘फ्यू’, ‘लिटल’चे चुकले असतील. हे माझ्याकडे येणाऱ्या मुलांत सारखं दिसतं आणि त्याला कारण आहे. मराठीत आपण ‘तो कधीच येत नाही’ म्हणतो, क्रियापदाशी ‘नाही’ असतं, म्हणून ‘नेव्हर’ बघितल्यावर नकार जाणवतो. पण ‘तो क्वचित येतो’, ‘जेमतेम दहा रुपये उरले’ यांत ‘नाही’ कुठेच नाही. मनातल्या मनात भाषांतर करून वाचणाऱ्याला ही वाक्यं होकारार्थीच वाटतात. इंग्रजी मात्र ‘सेल्डम’, ‘रेअरली’, ‘हार्डली’, ‘स्केअर्सली’, ‘बेअरली’ यांना नकारात मोजते.

एक प्रश्न पूर्ण सोडवून बघू. ‘फ्यू ऑफ द फार्मर्स न्यू अबाउट द स्कीम, ____?’ पर्याय: १) डिडन्ट दे २) डू दे ३) डिड दे ४) डोन्ट दे. पर्यायांची रचना बघा. दोनात ‘डू’, दोनात ‘डिड’. दोन होकारार्थी, दोन नकारार्थी. म्हणजे परीक्षकाने तुम्हाला दोनच गोष्टी विचारल्या आहेत, काळ आणि होकार-नकार. दोन्ही एकदम ठरवू नका. क्रियापद ‘न्यू’, भूतकाळ. २ आणि ४ गेले. उरला प्रश्न ‘फ्यू’चा. ‘फ्यू’ म्हणजे जवळजवळ कुणालाच नाही. नकार. म्हणून टॅग होकारार्थी, उत्तर ३. वाक्यात ‘अ फ्यू’ असतं तर अर्थ ‘काहींना माहीत होतं’ असा झाला असता आणि उत्तर १. ‘क्वाइट अ फ्यू’ म्हणजे तर बऱ्याच जणांना, तिथेही १. एका ‘अ’ने उत्तर उलटतं, म्हणून ‘फ्यू’ आणि ‘लिटल’ दिसलं की त्याच्या डावीकडे नजर टाकायची सवय लावा. ‘देअर वॉज लिटल वॉटर इन द वेल, वॉज देअर?’ ही कोरड्या पडत आलेल्या विहिरीची तक्रार आहे. ‘देअर वॉज अ लिटल वॉटर इन द वेल, वॉजन्ट देअर?’ म्हणणाऱ्याला थोडं पाणी होतं याचा दिलासा आहे.

शंका असेल तर वाक्यापुढे ‘तोही तसाच’ अशा अर्थाचं शेपूट जोडून बघा. ‘ही सेल्डम कम्स लेट, अँड नायदर डज हिज ब्रदर.’ ‘नायदर’ बसलं, म्हणजे वाक्य नकारार्थी. ‘ही इज अनहॅपी, अँड सो इज हिज ब्रदर.’ इथे ‘सो’ बसतं, म्हणजे वाक्य होकारार्थी, आणि टॅग ‘इजन्ट ही’. ‘अनहॅपी’, ‘डिसलाइक’, ‘इम्पॉसिबल’ या शब्दांत नकार शब्दाच्या पोटात आहे, वाक्याला तो लागत नाही. ‘इट इज इम्पॉसिबल, इजन्ट इट?’ पण ‘नथिंग इज इम्पॉसिबल, इज इट?’ दुसऱ्यात ‘नथिंग’ने अख्खं वाक्य नकारार्थी केलं. ‘नथिंग’ला सर्वनाम ‘इट’, आणि ‘नोबडी’, ‘एव्हरीवन’ यांना ‘दे’: ‘नोबडी कॉल्ड, डिड दे?’

वाक्यात आधीच ‘एनी’ किंवा ‘एव्हर’ दिसलं तर तीही नकाराची खूण असू शकते: ‘शी स्केअर्सली एव्हर सेज एनीथिंग, डज शी?’

याच्या नेमकं उलट म्हणजे ‘नॉट’ स्पष्ट छापलेलं असतं आणि तरी वाक्य होकारार्थी असतं. ‘ही टोल्ड अस नॉट टु वेट, ____?’ ‘नॉट’ हे ‘टु वेट’चं आहे. मुख्य क्रियापद ‘टोल्ड’, त्याने सांगितलं, होकार. म्हणून ‘डिडन्ट ही’. ‘द मॅन हू डिड नॉट पे द फाइन वॉज अरेस्टेड, वॉजन्ट ही?’ यात ‘डिड नॉट’ कुठल्या माणसाची गोष्ट चाललीय ते दाखवतं. बातमी आहे ती अटकेची. होकार-नकार नेहमी मुख्य क्रियापदाचा बघायचा, कर्त्यापाशी किंवा शेवटी लटकलेल्या तुकड्याचा नाही.

तुम्ही इंग्रजी सिनेमे बघत असाल तर ‘सो यू आर द न्यू मॅनेजर, आर यू?’ असं दोन्हीकडे होकार असलेलं वाक्यही ऐकलं असेल. ते खरं इंग्रजी आहे. आत्ताच कळलेल्या गोष्टीवर आश्चर्य, उत्सुकता किंवा टोमणा असताना ते येतं. रिकामी जागा भरण्याच्या प्रश्नात ते अपेक्षित नसतं, तिथे उलटा टॅगच द्या.

उत्तरतालिका पटली नाही तर

सराव पेपर एखाद्या क्लासचा असेल तर त्याच्या उत्तरावर जास्त वेळ घालवू नका, वरच्या कारणांवरून स्वतः ठरवा. आयोगाच्या पेपराची गोष्ट वेगळी. तिथे आधी पहिली उत्तरतालिका येते, ठरावीक मुदतीत हरकती मागवल्या जातात आणि तज्ज्ञांचं मत घेऊन मग अंतिम तालिका लागते. तीत उत्तर बदलू शकतं किंवा प्रश्न रद्दही होऊ शकतो. ‘विल यू’ आणि ‘वोन्ट यू’ दोन्ही पर्यायांत असलेला साधा आज्ञार्थी प्रश्न, किंवा ‘आरन्ट आय’ आणि ‘अ‍ॅम आय नॉट’ दोन्ही असलेला प्रश्न, हा हरकतीला पात्र आहे, कारण त्याची दोन उत्तरं बरोबर आहेत.

हरकत लिहिताना ‘आम्हाला असं शिकवलंय’ हा मुद्दा उपयोगी पडत नाही आणि क्लासच्या नोट्सची झेरॉक्सही नाही. प्रमाण व्याकरणग्रंथातलं किंवा मोठ्या शब्दकोशातलं ते पान जोडा, पुस्तकाचं नाव आणि आवृत्ती दिसेल असं मुखपृष्ठही जोडा, आणि दोनच ओळी लिहा: कोणते दोन पर्याय बरोबर ठरतात आणि जोडलेल्या पानावर ते कुठे दिलंय. मुदत थोडीच असते, म्हणून ती पानं तालिका येण्याआधीच काढून ठेवा.